क्विनोनची बॅटरी टिकत का नाही?

मेंदीच्या पानांत लॉसोन नावाचा रंगाचा रेणू असतो. पानं वाटली, लिंबू पिळलं, लगदा काही तास हातावर राहू दिला की हा रेणू लगद्यातून सुटतो, त्वचेत शिरतो आणि हात रंगतो. मंजिष्ठाच्या मुळातला पर्प्युरिन, अक्रोडाच्या हिरव्या सालीतला जुग्लोन आणि चित्रकाच्या मुळातला प्लंबाजिन ही त्याचीच भावंडं. या सगळ्या कुळाला रसायनशास्त्रात क्विनोन म्हणतात.

कुळाची ओळख रंगावरून झाली असली, तरी त्याची खरी कर्तबगारी वेगळीच आहे. कार्बनच्या षट्कोनी कड्यावर दोन ऑक्सिजन अणू दुहेरी बंधांनी बसलेले असतात. बाहेरून इलेक्ट्रॉन आला की तो या ऑक्सिजनकडे सामावला जातो. एक नव्हे, दोन इलेक्ट्रॉन मावतात. शाळेच्या भाषेत याला क्षपण म्हणायचं. पुढे ते दोन्ही इलेक्ट्रॉन काढून घेतले की रेणू जसाच्या तसा परत मिळतो, सांगाडा मोडत नाही. आपल्या पेशींत अन्नातून ऊर्जा काढण्याच्या साखळीत इलेक्ट्रॉन इकडून तिकडे नेण्याचं काम एक क्विनोनच करतो. औषधांच्या दुकानात ‘को-क्यू टेन’ म्हणून गोळ्या मिळतात, तोच हा. झाडाच्या पानात प्रकाशसंश्लेषणाच्या वेळी हेच काम प्लास्टोक्विनोन करतो.

इलेक्ट्रॉन घ्यायचे, सांभाळायचे आणि मागितले की परत द्यायचे, एवढंच तर बॅटरीच्या इलेक्ट्रोडने करायचं असतं. मग कोबाल्ट-निकेलच्या मागे कशाला धावायचं? जगातलं बहुतांश कोबाल्ट एकट्या काँगोच्या खाणींतून येतं आणि त्याचं शुद्धीकरण मुख्यतः चीनमध्ये होतं. क्विनोनमध्ये कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन सोडून काहीच नसतं. हा विचार नवा नाही. 1969 सालीच एका कार्बनी संयुगाचा लिथियम बॅटरीत वापर करून पाहिला गेला होता. 1972 मध्ये जर्मन संशोधकांनी क्लोरानिल नावाचा क्विनोन आम्लाच्या पाण्यात चालवून पाहिला. 2008 साली फ्रान्समधल्या आमियाँच्या प्रयोगशाळेत मक्यापासून मिळणाऱ्या द्रव्यातून इलेक्ट्रोड तयार झाला, तर 2012 मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात पुलिकेल अजयन यांच्या गटाने पर्प्युरिनवर लिथियम बॅटरी चालवून दाखवली. ‘वनस्पतीपासून बॅटरी’ अशा बातम्या दर दोन-चार वर्षांनी येतात त्या अशा. तरीही दुकानात अशी बॅटरी दिसत नाही, आणि त्याचं मुख्य कारण मेंदीच्या लगद्यातच आहे: रेणू जागेवर राहत नाही.

हे नीट समजून घ्यायला कुळातला सगळ्यात साधा, कामसू सदस्य घेऊ: अँथ्राक्विनोन. तीन कडी शेजारी शेजारी, मधल्या कड्यावर समोरासमोर दोन ऑक्सिजन. फिकट पिवळी पूड. डांबरापासून निघणाऱ्या अँथ्रासीनपासून ती करतात, किंवा थॅलिक अनहायड्राइड आणि बेंझीनपासून. कागदाच्या कारखान्यात लाकडाचा लगदा शिजवताना चिमूटभर घालतात. तिचाच एक भाऊबंद वापरून जगातलं जवळजवळ सगळं हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं. म्हणजे हा रेणू क्षपण आणि ऑक्सिडीकरणाच्या फेऱ्या औद्योगिक प्रमाणावर गेली कित्येक दशकं मारतोच आहे. कच्च्या मालाची चणचण नाही आणि बनवायचं तंत्रही जुनं, पक्कं.

आता हिशेब. एक ग्रॅम अँथ्राक्विनोनमध्ये, प्रत्येक रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन धरले तर, 257 मिलिअँपिअर-तास विद्युतभार मावतो. आजकालच्या इलेक्ट्रिक स्कूटर आणि बसमध्ये जे लिथियम आयर्न फॉस्फेट असतं त्यात 170 मावतो. इथपर्यंत क्विनोन पुढे. पण लिथियमसमोर अँथ्राक्विनोनचा दाब साधारण 2.2 व्होल्ट आणि फॉस्फेटचा 3.4. गुणाकार केला की दोघंही प्रत्येक किलोमागे 570 वॅट-तासांच्या आसपास येतात. बरोबरीचा सामना. एवढ्यावर थांबलो तर कुणालाही वाटेल की डांबराची पिवळी पूड भरावी आणि मोकळं व्हावं.

प्रयोगशाळेत पहिली परीक्षा होते ती नाण्याच्या आकाराच्या घटात, मनगटी घड्याळात किंवा गाडीच्या किल्लीच्या रिमोटमध्ये असतो तसल्या. अँथ्राक्विनोन स्वतः वीज वाहून नेत नाही, म्हणून त्यात काजळीसारखा बारीक कार्बन मिसळावा लागतो, आणि तोही थोडाथोडका नाही. इलेक्ट्रोडच्या वजनाचा तिसरा हिस्सा, कधी निम्मादेखील कार्बनच असतो. वरच्या बरोबरीच्या हिशेबातून हे वजन आधीच वजा करायला हवं होतं, हे बातमीत सहसा सांगत नाहीत. हे मिश्रण धातूच्या पातळ पत्र्यावर लेपून वाळवतात आणि त्याची चकती कापतात. वर सच्छिद्र पडदा, त्यावर लिथियम धातूची चकती. मध्ये इलेक्ट्रोलाइटचे काही थेंब, म्हणजे कार्बनी द्रावकात लिथियमचं क्षार विरघळवलेलं. मग घट दाबून बंद करायचा.

घट वीज देऊ लागला की अँथ्राक्विनोनचे रेणू दोन-दोन इलेक्ट्रॉन घेतात आणि सोबत दोन लिथियम आयन ओढून घेतात. चार्ज केलं की सगळं उलट. पहिल्या फेरीत बहुतेक वेळा छान आकडा मिळतो. दहाव्या फेरीपर्यंत तो घसरलेला असतो. पन्नासाव्या फेरीला घट उघडावा, तर एरवी पांढरा असणारा पडदा पिवळट-तपकिरी डागाळलेला दिसतो. इलेक्ट्रोडवरून रेणू निघून गेलेत, याचा याहून उघड पुरावा लागत नाही.

निघून जाण्यामागचं कारण त्याच्या स्वस्ताईशीच जोडलेलं आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये लोखंड, फॉस्फरस, ऑक्सिजन यांची अखंड जाळी असते. एक अणू सुटायचा म्हणजे जाळीचे बळकट बंध तुटायला हवेत. अँथ्राक्विनोनच्या स्फटिकात मात्र सुटे, लहान, विद्युतभार नसलेले रेणू एकमेकांवर नुसते रचलेले असतात. त्यांच्यातली ओढ दुबळी. बॅटरीचं द्रावक तर मुद्दामच असं निवडलेलं असतं की त्यात बऱ्याच गोष्टी सहज विरघळाव्यात, नाहीतर लिथियमचं क्षार त्यात उतरणार नाही. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की रेणू एकेक करून द्रावकात उतरतो. त्यातही अर्धवट अवस्था अधिक धोक्याची. एकच इलेक्ट्रॉन घेतलेला रेणू विद्युतभारित असतो आणि काही द्रावकांत मूळ रेणूपेक्षाही चटकन विरघळतो. प्रत्येक फेरीत दोनदा या अवस्थेतून जावंच लागतं.

इथे एक शंका कुणालाही येईल. पाण्यात साखर घालत गेलो तर ठरावीक मर्यादेनंतर ती विरघळायची थांबते. मग क्विनोन का थांबत नाही? थेंबभर द्रावकात असं किती मावणार?

शंका रास्त आहे, आणि ती आकड्यांत तपासता येते. समजा नाण्याच्या घटात 2 मिलिग्रॅम अँथ्राक्विनोन आहे आणि इलेक्ट्रोलाइट मिलिलिटरचा दहावा हिस्सा. समजा, एक लिटर द्रावकात या पुडीचा शंभरावा भाग मोल विरघळतो, म्हणजे सुमारे 2 ग्रॅम. तर आपल्या थेंबात मावेल 0.2 मिलिग्रॅम. एकूण पुडीच्या दहावा भाग. द्रावण संपृक्त झालं की गळती थांबायला हवी आणि क्षमता दहा टक्के उतरून तिथेच स्थिर राहायला हवी. प्रत्यक्षात ती उतरतच राहते, याचा अर्थ द्रावण संपृक्त होतच नाही.

पडद्यापलीकडे लिथियम धातू बसलेला असतो. पडद्याची छिद्रं या रेणूच्या कित्येक पट मोठी, त्यामुळे विरघळलेला रेणू सहज पलीकडे पोचतो. लिथियमला इलेक्ट्रॉन द्यायची घाई असतेच. तारेतून, मोटारीतून, दिव्यातून जायला हवे होते ते इलेक्ट्रॉन रेणू थेट तिथेच घेऊन बसतो. काही रेणू लिथियमच्या पृष्ठावरच साका होऊन चिकटतात आणि कायमचे गमावले जातात. त्यांच्या जाण्याने द्रावणात जागा होते, ती भरायला इलेक्ट्रोडवरून नवे रेणू उतरतात. पलीकडे सतत उपसा चालू असेल तर अलीकडची विहीर भरेल कशी? गळतीचा वेग म्हणूनच पुडीच्या विद्राव्यतेवर जितका अवलंबून असतो, तितकाच पलीकडे काय बसलंय यावरही.

काही रेणू चिकटत नाहीत. ते इलेक्ट्रॉन घेऊन परत धन बाजूला येतात. त्या वेळी चार्जिंग चालू असेल तर तिथे इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा लिथियमकडे निघतात. अशा येरझाऱ्या सुरू झाल्या की चार्जर वीज भरतो आहे आणि घट भरतच नाही, असा प्रकार होतो. यंत्रावर तो लगेच दिसतो. चार्ज करताना आत गेलेला विद्युतभार आणि परत मिळालेला विद्युतभार यांचं गुणोत्तर चांगल्या घटात शंभर टक्क्यांना अगदी चिकटून असतं. क्विनोनच्या घटात ते नव्वदच्या खाली घसरलं तर येरझाऱ्या चालू आहेत असा पहिला संशय घ्यायचा.

तिसरा प्रकार कमी बोलला जातो. विरघळलेला रेणू चार्जिंगच्या शेवटी परत स्फटिक होऊन बसतो, पण जिथून निघाला तिथेच बसेल असं नाही. कार्बनच्या बारीक कणांमध्ये विखुरलेली पूड हळूहळू मोठ्या स्फटिकांत गोळा होते. त्या स्फटिकांच्या पोटातल्या रेणूंपर्यंत वीज पोचत नाही. रेणू घटातच आहे, शाबूत आहे, पण उपयोगाचा नाही.

आता बातम्यांकडे वळू. ‘हजार फेऱ्यांनंतरही क्षमता कायम’ असं वाचलं की आपण प्रभावित होतो. पण विरघळणं फेऱ्या मोजत नाही, ते वेळ मोजतं. घट सहा मिनिटांत रिकामा आणि सहा मिनिटांत भरला, तर हजार फेऱ्या 200 तासांत होतात, म्हणजे साडेआठ दिवसांच्या आतच. तोच घट पाच तासांत भरला आणि पाच तासांत रिकामा केला तर हजार फेऱ्यांना 10,000 तास लागतील, जवळजवळ चौदा महिने. पहिल्या चाचणीत रेणूला निसटायला वेळच मिळालेला नसतो. त्यात इलेक्ट्रोडवर पूड अगदी पातळ लेपलेली आणि कार्बन भरपूर असेल, तर आकडा आणखी देखणा येतो. प्रामाणिक चाचणी साधी आहे: घट पूर्ण भरायचा, काही दिवस नुसता ठेवून द्यायचा आणि मग किती परत मिळतं ते पाहायचं. याहून सोपं म्हणजे इलेक्ट्रोडची चकती काचेच्या कुपीत इलेक्ट्रोलाइटमध्ये बुडवून ठेवायची. द्रव रंगला की निकाल लागला. क्विनोनच्या रंगाचा इथे फायदाच होतो.

उपाय तीन दिशांनी शोधले गेले. पहिला, रेणूंची साखळी करायची. चीनमधल्या वुहान विद्यापीठात 2009 साली अँथ्राक्विनोनचे रेणू गंधकाने एकमेकांना जोडून लांब साखळ्या केल्या गेल्या. एवढी मोठी साखळी सहजी विरघळत नाही आणि घट खरोखर टिकाऊ झाला. किंमत एवढीच, की गंधक वजनात भर घालतो आणि स्वतः काही साठवत नाही. ग्रॅममागे 257 ऐवजी 225 वर समाधान मानावं लागतं. पुढे 2015 मध्ये मधला गंधक वगळून कडी थेट कड्यालाच जोडली गेली. या साखळीने हजार फेऱ्यांनंतर जवळजवळ सगळी क्षमता राखली. गंमत अशी, की ती जोडणी करायला निकेलचं एक महागडं संयुग वापरावं लागलं. धातू टाळायला निघालेली गाडी पुन्हा धातूच्याच दारात.

दुसरी दिशा म्हणजे रेणूवर विद्युतभारित गट लावून त्याचं क्षार करायचं. कार्बनी द्रावकात क्षार कमी विरघळतात. आमियाँचं मक्यापासूनचं द्रव्य असंच लिथियमचं क्षार होतं, आणि साठवणही भरपूर. मात्र प्रत्येक वेळी चारही लिथियम आत-बाहेर करताना त्याच्या स्फटिकाची इतकी उलथापालथ होते की तो फार काळ तग धरत नाही.

तिसरी दिशा मला सगळ्यात आश्वासक वाटते. रेणू लहानच ठेवायचा, पण शेजाऱ्यांशी त्याची पकड घट्ट करायची. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मिर्चा डिंका यांच्या गटाने 2024 च्या सुरुवातीला टीएक्यू नावाचं द्रव्य जाहीर केलं. तीन जोडलेली कडी, त्यांवर क्विनोनचे ऑक्सिजन आणि त्यांच्या शेजारी नायट्रोजनचे अमाइन गट. एका रेणूचा अमाइन गट शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनशी हायड्रोजन बंध जोडतो. असे बंध चहूकडे पसरत जातात, रेणूंचे सपाट थर तयार होतात आणि थर ग्रॅफाइटसारखे एकावर एक बसतात. एकेकटा बंध दुबळाच, पण रेणू सुटायचा तर सगळे एकदम सोडावे लागतात. त्यामुळे ही पूड इलेक्ट्रोलाइटमध्ये जवळपास उतरतच नाही. शिवाय थरांमुळे ती स्वतः थोडीफार वीज वाहून नेते, म्हणून काजळीचा बोजा कमी लागतो. सेल्युलोज आणि रबरसारखे बांधणारे पदार्थ इलेक्ट्रोडच्या दशांशापेक्षाही कमी. घटाने 2,000 हून अधिक फेऱ्या काढल्या. या संशोधनाला लॅम्बोर्गिनीने पैसा पुरवला आणि पेटंटचा परवानाही घेतला.

याच कुळाची एक शाखा मात्र उलट्या वाटेने गेली. हार्वर्डच्या मायकेल अझीझ आणि रॉय गॉर्डन यांनी 2014 मध्ये क्विनोन मुद्दाम पाण्यात विरघळवला, टाकीत साठवला आणि पंपाने इलेक्ट्रोडवरून फिरवला. टाकी जेवढी मोठी तेवढी साठवण मोठी. सौर किंवा पवन ऊर्जा रात्रीपुरती राखून ठेवायला ही रचना चांगली. इथे विरघळणं दोष न राहता गरज ठरतं. पण दुखणं संपलं नाही, त्याने रूप बदललं. विरघळलेले रेणू एकमेकांवर आदळतात आणि हळूहळू नासतात. पुढच्या वर्षी त्यांनी वापरलेल्या अल्कलीतल्या क्विनोनमध्ये, दोन इलेक्ट्रॉन घेतलेला रेणू एक ऑक्सिजन गमावून अँथ्रोन होतो असं लक्षात आलं. अँथ्रोनचे रेणू जोडीने चिकटले की परतीची वाट बंद. 2019 मध्ये याच गटाने दाखवलं, की जोड्या जमण्याआधी द्रावणाला हवा लावली तर त्यातला प्राणवायू अँथ्रोनचा पुन्हा क्विनोन करून देतो. नासणं सापडलं आणि त्यावरचा इलाजही फुकट मिळणाऱ्या हवेत निघाला, असं या क्षेत्रात वारंवार घडत नाही.

घन इलेक्ट्रोडच्या बाजूला विरघळण्याचा प्रश्न टीएक्यूसारख्या द्रव्यांनी बराच आवाक्यात आणला, असं म्हणायला हरकत नाही. त्यामागे दडलेल्या दोन अडचणी मात्र आता पुढे आल्या आहेत. कार्बनी पूड हलकी असते. तेवढंच वजन धातूच्या ऑक्साइडपेक्षा दोन ते तीन पट जागा व्यापतं, आणि मोटारीत वजनाइतकीच जागेलाही किंमत असते. दुसरी अडचण अधिक मूलभूत. कोबाल्टचा किंवा फॉस्फेटचा इलेक्ट्रोड कारखान्यातून निघतो तेव्हाच त्याच्या पोटात लिथियम असतं, म्हणून समोर साधं ग्रॅफाइट चालतं. क्विनोन बनतो तो रिकामा, लिथियमविना. मग समोर लिथियम धातू तरी ठेवावा लागतो, नाहीतर क्विनोनमध्ये आधीच लिथियम भरून, हवा-ओलाव्यापासून सांभाळून, घट जुळवावा लागतो. टीएक्यूचे बरेचसे प्रयोगही लिथियम धातूसमोरच झाले आहेत.

तेव्हा यापुढे क्विनोन बॅटरीची बातमी हाती आली तर फेऱ्यांच्या आकड्याआधी तीन गोष्टी शोधा: त्या फेऱ्या किती दिवसांत झाल्या, इलेक्ट्रोडमध्ये कार्बन किती होता आणि समोर लिथियम धातू होता की ग्रॅफाइट. तिन्हींची उत्तरं बातमीत नसतील तर ती बॅटरी अजून प्रयोगशाळेच्या टेबलावरच आहे असं समजायला हरकत नाही.